दिवाळीची रंगरंगोटी, पेस्ट कंट्रोल आणि धुरके : नागपूरच्या घरात खिडकी उघडी ठेवावी की बंद?

वावरातली_माय

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या गावात राहते आणि आमचे कपाशी-तुरीचे वावर आहे. माझी धाकटी लेक लग्नानंतर नागपुरात भाड्याच्या घरात राहते. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला लहानशी गॅलरी, एवढेच ते घर आहे.

दसऱ्याच्या सुमारास घरमालकाने रंगकाम करून घेतले. भिंतींना प्लास्टिक पेंट लावला आणि दारे, खिडक्यांच्या जाळ्या व झोपायच्या खोलीतली भिंतीतली आलमारी यांना ऑइल पेंट दिला. त्याच आठवड्यात झुरळांसाठी माणूस बोलावून स्वयंपाकघरात फवारून घेतले. त्यातच थंडी पडू लागली असल्यामुळे सकाळी रस्त्यावर धुरके साचते, आणि संध्याकाळी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कोणी ना कोणी कचरा पेटवतो.

लेकीला कॉलेजात असल्यापासून अर्धशिशी आहे. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दुखायचे, आता आठवड्यातून दोन-तीनदा दुखते. एका बाजूला ठणके पडतात, उजेड सहन होत नाही, कधी उलटी होते. तिथल्या डॉक्टरांनी तपासून दुसरे काही नाही असे सांगितले आहे आणि गोळ्या दिल्या आहेत. तिची अडचण अशी की खिडकी उघडली तर रंगाचा वास कमी होतो पण धूर आत येतो, आणि बंद केली तर धूर थांबतो पण वासाने डोके भणाणते. अशा वेळी नेमके काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

कपाशीचा_धनी

ताई, माझाही हाच त्रास आहे. बोंडअळीसाठी फवारा मारला की संध्याकाळी डोके गच्च होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरत नाही. तोंडाला ओला रुमाल बांधतो, तरी फरक पडत नाही. कोणता मास्क घ्यावा, हे इथे कोणी सांगितले तर बरे होईल.

ग्रामीण_वैद्यक

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. भाऊंचा प्रश्न वेगळा आहे आणि अधिक तातडीचा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

फवारणीनंतर डोके दुखण्यासोबत घाम सुटणे, डोळ्यांतून व तोंडातून पाणी येणे, मळमळ, धूसर दिसणे, स्नायू फडफडणे किंवा छातीत घरघर होणे यांपैकी काही असेल, तर ती विषबाधा समजावी आणि गोळी घेऊन झोपून राहू नये. 108 ला फोन करावा, अंगावरचे कपडे काढून साबणाने आंघोळ करावी आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल दवाखान्यात सोबत न्यावे, कारण उतारा कोणता द्यायचा हे त्यावरून ठरते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी-मजूर कसे दगावले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ओला रुमाल उपयोगाचा तर नाहीच, उलट तो औषध शोषून तोंडाशी धरून ठेवतो. बाष्प शोषणारी डबी असलेला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. वाऱ्याकडे पाठ ठेवून फवारावे.

आता ताईंच्या लेकीबद्दल. धूर, रंगाचे बाष्प आणि फवाऱ्यातले द्रावक यांनी नाकातल्या आणि डोळ्यांतल्या ज्या नसा चुरचुरतात, त्याच नसांच्या जाळ्यातून अर्धशिशीची कळ उठते. म्हणून ज्याला अर्धशिशी आहे त्याला हे जास्त बाधते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अर्धशिशीचा झटका सुरू होण्याच्या काही तास आधीही वास नेहमीपेक्षा तीव्र वाटू लागतात. त्यामुळे "वास आला आणि डोके दुखले" असे वाटते, तेव्हा पुष्कळदा दुखणे आधीच सुरू झालेले असते आणि वास फक्त जाणवू लागलेला असतो. यासाठीच आठवणीवर विसंबू नये, वहीत लिहावे.

लेकीला चार गोष्टी विचारा. दुखणे दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू होते? घराबाहेर चार-सहा तास घालवले तर कमी होते का? घरात दुसऱ्या कोणाला त्रास होतो का? आणि न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे का? शेवटचा प्रश्न या धाग्याशी जुळत नाही असे वाटेल, पण त्याचे उत्तर मला सर्वांत आधी हवे आहे.

चुलीजवळची

माझ्या आईने रंगाच्या खोलीत कांदे चिरून ठेवले होते आणि वास गेला होता. कोळसा ठेवला तरी चालतो. तुळस आणि मनीप्लांट लावले तर हवा शुद्ध होते. संध्याकाळी कापूर आणि धूप जाळावा, म्हणजे कीटकनाशकाचा वास दबतो. आणि मला विचाराल तर ताई, लेकीला सरळ महिनाभर गावाला घेऊन या. आपल्या गावासारखी हवा नागपुरात कुठे मिळणार?

रंगारी_हिंगणघाट

मी अनेक वर्षे नागपुरात रंगकाम करतो, म्हणून कामातले सांगतो.

भिंतींवरचा प्लास्टिक पेंट पाण्यातला असतो. त्याला थोडा वास येतो, पण हवा खेळती असेल तर काही दिवसांत जातो. त्रास ऑइल पेंटचा असतो, कारण तो टर्पेंटमध्ये पातळ करतात. टर्पेंट पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेक उडून जाते. हात लावल्यावर रंग वाळलेला वाटतो आणि लोक समजतात की काम संपले. पण ऑइल पेंट नुसता वाळत नाही, त्यातले तेल हवा खाऊन हळूहळू घट्ट होते आणि त्या काळात एक वेगळा, खवट तेलासारखा वास कित्येक आठवडे सोडत राहते. पहिला हात पुरता वाळण्याआधी दुसरा मारला, तर तो आणखी लांबतो. दिवाळीच्या घाईत हे फार होते, मालक दोन दिवसांत घर मागतो आणि आम्हीही हो म्हणतो.

ताईंनी लिहिले आहे की आलमारीला ऑइल पेंट दिला. तो आतून दिला आहे का, हे बघा. खोलीला खिडकी असते, आलमारीला नसते. आतल्या फळ्यांना रंग देऊन दार लावले की बाष्प आतच कोंडते. कपडे, चादरी आणि उशांचे अभ्रे ते शोषून घेतात. मग माणूस रात्रभर त्याच चादरीत नाक खुपसून झोपतो आणि दोष भिंतींना देतो.

ग्रामीण_वैद्यक

रंगारी भाऊंनी मोलाचे सांगितले. चुलीजवळच्या ताईंच्या सूचनांबद्दल मात्र स्पष्ट लिहावे लागेल, कारण त्यांतल्या काहींनी अपाय होऊ शकतो.

कांद्याने बाष्प कमी होत नाही, खोलीत दुसरा उग्र वास वाढतो, आणि अर्धशिशीच्या माणसाला तोही चालत नाही. चुलीतला कोळसा थोडेफार शोषतो, पण वाटीभर कोळशाने आख्ख्या खोलीची हवा बदलत नाही. कुंडीतल्या झाडांचेही तसेच आहे. कापूर, धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांच्या धुरात तेच बारीक कण असतात ज्यांच्यासाठी आपण बाहेरच्या धुरक्याला नावे ठेवतो, म्हणून बंद खोलीत ते जाळणे टाळावे. डासांसाठी मच्छरदाणी सर्वांत चांगली.

हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचा विचार कोणी करत असेल, तर त्याच्या गाळणीत धुराचे कण अडकतात पण रंगाचे बाष्प अडकत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो आणि स्वस्त यंत्रात तो नावापुरता असतो. एन-95 मास्कचेही तसेच. धुरक्यात सकाळी बाहेर पडताना तो कामाचा आहे, रंगाच्या वासासाठी नाही.

गावी आणण्याचा विचार प्रेमाचा आहे, पण ऑक्टोबरात आपल्या वावरांत फवारणी पुरती थांबलेली नसते. कित्येक घरांत औषधाचे डबे खाटेखाली किंवा धान्याच्या खोलीत ठेवलेले असतात. ताईंच्या घरी तसे असेल, तर लेकीला आणण्याआधी ते डबे घराबाहेरच्या कुलूपबंद पेटीत हलवावेत.

वावरातली_माय

डॉक्टर साहेब, लेकीला फोन करून सगळे विचारले.

दुखणे बहुतेक वेळा पहाटे उठतानाच असते. शनिवारी ती जाऊबाईंकडे वर्धेला राहिली, तेव्हा दुखले नाही. जावईबापूंना डोकेदुखी नाही, फक्त डोळे चुरचुरतात. गॅसचा गिझर आहे आणि तो न्हाणीघराच्या आतच लावलेला आहे. वरची झडपेची खिडकी थंडीमुळे ती लोक बंद ठेवतात. रंगारी भाऊ म्हणतात तेही खरे आहे, आलमारी आतून रंगवली आहे आणि तिच्यात गाद्या-चादरी आहेत.

आणखी एक गोष्ट सांगते. उन्हाळ्यात आम्ही गव्हाच्या कोठीत गोळ्या टाकतो. त्या गव्हाची एक चुंगडी दसऱ्याला तिच्याकडे पाठवली आणि ती झोपायच्या खोलीतच ठेवली आहे. तिचा काही संबंध असेल का?

ग्रामीण_वैद्यक

ताई, ही शेवटची ओळ वाचून मी थांबलो. तिचे उत्तर आधी देतो.

धान्यात टाकायच्या त्या गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम वायू निघतो आणि बंद खोलीत तेवढाही जीवघेणा ठरू शकतो. सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि छातीत जड वाटण्यापासूनच होते. त्याच्यावर उतारा नाही. शहरात फ्लॅटमध्ये कोणी गव्हात किंवा ढेकणांसाठी ही गोळी ठेवली आणि भिंतीच्या फटीतून वायू शेजाऱ्यांपर्यंत गेला, अशा घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत.

तुमच्या चुंगडीबद्दल मला तशी भीती वाटत नाही. आपल्या हवेत गोळी काही दिवसांतच पूर्ण फुटते आणि मागे राखाडी भुकटी राहते. उन्हाळ्यात टाकलेल्या गोळीतून ऑक्टोबरात वायू येणार नाही. तरीही चुंगडी आजच खोलीतून काढून गॅलरीत ठेवायला सांगा. भुकटीची पुरचुंडी सापडली तर उघड्या हाताने धरू नये आणि तिच्यावर पाणी टाकू नये. अख्खी गोळी दिसली, किंवा लसणासारखा वा सडक्या मासळीसारखा वास आला, तर काही उचलत न बसता खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि 108 ला कळवावे. वास आला नाही म्हणून धोका नाही, असेही समजू नये. यापुढे शहरात पाठवायचा गहू उन्हात कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून हवाबंद पिंपात पाठवावा. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच.

दुसरा प्रश्न गिझरचा. गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि पहिले लक्षण डोकेदुखीच असते. लेकीचे दुखणे आंघोळीच्या आधी, झोपेतून उठतानाच असते आणि जावईबापूंचे डोके दुखत नाही, म्हणून गिझर हे मुख्य कारण दिसत नाही. पण न्हाणीघराची झडप बंद ठेवून तो वापरणे आजपासून थांबवावे. बादली आधी भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मग आंघोळीला आत जावे.

आता खिडकी. आपल्या प्रश्नाचे उत्तर घड्याळात आहे. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच थांबते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर खालीच कोंडतो. ऊन चढले की झाकण सुटते. म्हणून सकाळी दहा-अकरापर्यंत रस्त्याकडची खिडकी बंद ठेवावी, त्यानंतर दुपारी चारपर्यंत घर पूर्ण उघडे टाकावे आणि दिवेलागणीच्या आधी पुन्हा बंद करावे. रंगाचे बाष्पही उष्णतेने जास्त सुटते, त्यामुळे दुपारीच ते बाहेर काढणे सोयीचे आहे.

नुसती खिडकी उघडून भागत नाही. झोपायच्या खोलीच्या खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावावा आणि घराच्या दुसऱ्या टोकाची खिडकी उघडावी, म्हणजे चांगली हवा आत ओढली जाते आणि वासाची हवा बाहेर ढकलली जाते. पंख्याचे तोंड आत केले तर तोच वास घरभर पसरतो. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिने काही दिवस त्या खोलीत झोपूच नये. समोरच्या खोलीत झोपावे, रंगाच्या खोलीचे दार लावून खालच्या फटीला टॉवेल दाबावा.

रंगारी_हिंगणघाट

आलमारी रिकामी करून दोन्ही दारे दिवसभर सताड उघडी ठेवावीत आणि पंख्याचा झोत तिच्यात जाईल असे करावे. कपडे-चादरी धुऊन दुपारच्या उन्हात वाळवाव्यात. धूर असेल त्या वेळी गॅलरीत वाळत घालू नयेत, नाहीतर एक वास जाऊन दुसरा बसेल. फळ्यांवर डांबरगोळ्या ठेवू नका. त्याही वासानेच काम करतात.

नागपुरी_भाचा

मी नागपुरातच असतो आणि हवेचा निर्देशांक दाखवणारे सीपीसीबीचे SAMEER अ‍ॅप रोज बघतो. आकडा 200 च्या वर असला की मी दिवसभर खिडकी उघडत नाही. हाच नियम सोपा नाही का?

ग्रामीण_वैद्यक

अ‍ॅप पाहणे चांगले आहे. फक्त तो आकडा कशाचा आहे हे लक्षात घ्यावे. बारीक कणांसाठी तो मागच्या 24 तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो, त्यामुळे रात्रीचा दाट धूर दुपारच्या आकड्यातही मोजला जातो आणि प्रत्यक्षात दुपारी हवा बरीच निवळलेली असू शकते. खिडकीची वेळ ठरवायला त्या-त्या तासाचे कणांचे मोजमाप पाहावे. तेही मोजणी केंद्र जवळचे असेल तरच. समोरच्या प्लॉटवर पेटलेला कचरा शहराच्या मोजणी केंद्रावर दिसत नाही, तो आपल्यालाच खिडकीतून बघावा लागतो. रंग नवा असताना दिवसभर घर बंद ठेवले तर तुम्ही धुराऐवजी बाष्प निवडता, एवढेच होते.

वावरातली_माय

दिवाळी झाली, म्हणून कळवते. लेक समोरच्या खोलीत झोपू लागली, दुपारी पंखा लावून घर उघडू लागली, आलमारी रिकामी केली आणि चुंगडी बाहेर ठेवली. वहीही लिहिली. पहाटेचे दुखणे जवळजवळ थांबले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या धुराने एकदा जोरात दुखले, आणि एकदा ती चादरी काढायला झोपायच्या खोलीत गेली होती, त्या संध्याकाळी दुखले. स्वयंपाकघरात आता फवारा मारू दिला नाही. बिजागऱ्यांच्या कोपऱ्यांत आणि सिंकखाली जेलचे ठिपके लावून घेतले, त्याला वास नाही. ओट्यावरचा जुना फवारा साबणाच्या पाण्याने पुसून काढला.

चुलीजवळची

आनंद झाला ताई. पण मला एक शंका आहे. नवरात्रात तिने नऊ दिवस उपास केले असतील, दिवाळीच्या कामात झोपही झाली नसेल. उपाशी राहून आणि जागरणानेही अर्धशिशी उठते. मग रंगच कारण होता, हे कशावरून?

ग्रामीण_वैद्यक

शंका रास्त आहे आणि मी तिचे ठाम उत्तर देणार नाही. उपास संपले, झोप सुधारली, खोली बदलली आणि फवारा थांबला, हे सगळे एकाच सुमारास झाले. चादरी काढायला गेल्यानंतरचे दुखणे रंगाकडे बोट दाखवते, पण ते एकदाच घडले आहे. ती वही आणखी महिनाभर चालू ठेवावी आणि जेवण चुकलेला दिवस, झोपेची वेळ व पाळीची तारीखही तिच्यात लिहावी.

वहीत गोळ्यांचाही रकाना असू द्या. वेदनाशामक साध्या गोळ्या महिन्यातून 15 दिवस किंवा त्याहून जास्त घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होऊ शकते. मिश्र गोळ्यांना तर 10 दिवसही पुरतात. आठवड्यातून तीनदा दुखत होते, तेव्हा ती त्या सीमेच्या जवळ पोहोचली असेल, म्हणून डॉक्टरांना वही दाखवून रोजच्या प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावे. आणि अचानक, पूर्वी कधी झाले नव्हते एवढे भयंकर दुखले, किंवा सोबत ताप व मान आखडणे, बोबडे बोलणे, हातापायांत कमजोरी असे काही दिसले, तर धूर-रंगाचा विचार न करता दवाखाना गाठावा.

कपाशीचा_धनी

डॉक्टर साहेब, डबीचा मास्क घेतला. दुकानदार म्हणाला, डबी हंगामभर चालते. खरे आहे का?

ग्रामीण_वैद्यक

नाही भाऊ. मास्कच्या आत औषधाचा वास येऊ लागला की डबी संपली, मग ती एका दिवसात संपो की आठवड्यात. वास न येणारी औषधेही असतात, म्हणून त्याआधीच पाकिटावर लिहिल्याप्रमाणे बदलावी. फवारणी झाल्यावर डबी काढून हवाबंद पिशवीत ठेवावी, उघडी टांगून ठेवली तर ती नुसत्या हवेनेही भरत जाते. औषधाच्या डब्यांशेजारी तर मुळीच ठेवू नये.

वावरातली_माय

रंगारी भाऊ, एक शेवटचे विचारते. आलमारीतला वास अजून पूर्ण गेलेला नाही. घरमालक म्हणतो, वरून पाण्यातल्या रंगाचा एक हात मारून देतो, वास दबेल. हो म्हणू का?

रंगारी_हिंगणघाट

आत्ता नको. खालचा ऑइल पेंट पुरता घट्ट झाल्याशिवाय वर पाण्यातला रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात, आणि खालचे तेल वाळायला आणखी वेळ लागतो. नखाने दाबून पाहा. खूण उमटत असेल तर रंग अजून कच्चा आहे. दारे उघडी ठेवून आणखी काही आठवडे जाऊ द्या. पुढच्या वेळी मालकाला सांगा की काम होळीनंतर काढा, तेव्हा ऊन असते, घर दिवसभर उघडे ठेवता येते आणि रंग लवकर सुकतो. आलमारीच्या आत मग पाण्यातलाच रंग द्यायचा, किंवा नुसता सनमायका लावून घ्यायचा. त्याला फेविकॉलसारखा पांढरा गोंद वापरायला सांगा, पिवळ्या रबरी गोंदाचा वास टर्पेंटपेक्षा वाईट असतो.